शोरील नको, एक अख्खा प्रसंग पाठवा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बार्शीचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. मी पुण्यात पंधरा वर्षं एडिटिंग करतो आणि अधूनमधून अशी मुलं येतात. त्याला परदेशात डॉक्युमेंटरी दिग्दर्शनाचं मास्टर्स करायचं होतं. "दादा, शोरील बघता का जरा?" म्हणाला.

२ मिनिटं १० सेकंदांचं शोरील, म्हणजे निवडक शॉट जोडून केलेली कामाची झलक. वारीचे ड्रोन शॉट, कुणाच्या तरी हळदीचं स्लो मोशन, हायवेचा टाइमलॅप्स, खाली ढोल आणि सिंथचं म्युझिक. कट बीटवर अचूक बसलेले. पण संपल्यावर हा मुलगा कुणाकडे बघतो, किती वेळ थांबतो, कुणाचं ऐकून घेतो, यातलं मला काहीच कळलं नाही. असं शोरील लग्नाची ऑर्डर मिळवायला उत्तम आहे. दिग्दर्शनाच्या प्रवेशासाठी ते उपयोगाचं नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

सगळ्यांनाच शोरील लागत नाही, हे मुलांना कुणी सांगतच नाही. सिनेमॅटोग्राफीला अर्ज करणाऱ्याचं शोरील चालतं, कारण त्याच्या फ्रेम आणि उजेड सुट्या शॉटमध्येही दिसतात. एडिटरची गंमत उलटी आहे. त्याचं काम दोन शॉटच्या मध्ये असतं आणि शोरीलमध्ये नेमकं तेच हरवतं, म्हणून त्याने एक पूर्ण सीन द्यावा. दिग्दर्शकाकडून शक्यतो अख्खी छोटी फिल्म, नाहीतर सलग प्रसंग जावा. सोबत प्रत्येक कामात आपण नेमकं काय केलं ते एका ओळीत लिहावं. मित्राने शूट केलेले शॉट आपल्या नावावर गेले, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

मी त्याला विचारलं, "कुणी न सांगता, पैसे न घेता काही केलंयस का?" खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशीच्या गिरणीवर एक केलं होतं, पण कंटाळवाणं झालंय."

अकरा मिनिटांची फिल्म होती. त्याची मावशी गावात पिठाची गिरणी चालवते. मधेच लाइट जाते, पट्टा सुटल्यासारखा हळूहळू थांबतो आणि ज्या आवाजात इतका वेळ कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तो आवाज जातो. रांगेत डबे ठेवून उभ्या असलेल्या बाया एकदम एकमेकींशी बोलायला लागतात. कुणाची सून, कुणाचं कर्ज, कुणाचं दुखणं. मावशी भुवईवरचं पीठ पदराने पुसते आणि काही न बोलता ऐकत राहते. चार मिनिटांनी लाइट येते, गिरणी सुरू होते आणि एक बाई अर्ध्या वाक्यावर थांबते. ते वाक्य फिल्ममध्ये पुरं होत नाही.

माझ्या अंगावर काटा आला. आणि पोराने या चार मिनिटांवर उदास पियानो टाकला होता!

आम्ही पियानो काढला. सुरुवातीचे गावाचे ड्रोन शॉट काढले. फिल्म सात मिनिटांवर आली. सबटायटलना मात्र तीन रात्री गेल्या. "दळण" या शब्दाला इंग्रजीत रोजच्या बोलण्यातला नेमका शब्द सापडेना आणि बायका भराभर बोलतात. सगळं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याचे डोळे खालीच राहतात, मावशीचा चेहरा दिसतच नाही. म्हणून एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर ठेवायचा नाही, असं ठरवून निम्मं बोलणं सोडून दिलं. लिंक पासवर्ड घालून टाकली आणि दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघितली. ड्राइव्हची लिंक पाठवायची आणि परवानगी द्यायची विसरायची, या एवढ्याशा गोष्टीने अर्ज वाया गेलेले मी पाहिलेत.

क्रिएटिव्ह रायटिंगच्या सॅम्पलचंही असंच आहे. पंचवीस पानांत चार कथांचे तुकडे देण्यापेक्षा एक-दोन पूर्ण कथा द्याव्यात. मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं आणि तिथे एक चूक हमखास होते. परक्या वाचकाला कळावं म्हणून प्रत्येक सणाचा, प्रत्येक पदार्थाचा अर्थ वाक्यातच सांगितला जातो. मग आजी नातवाशी बोलायचं सोडून परीक्षकाशी बोलायला लागते.

आता पैसे. खरं दुखणं इथे आहे आणि याबद्दल मला मनापासून राग आहे.

लंडन फिल्म स्कूलचा एमए फिल्ममेकिंग किंवा ब्रिटनच्याच नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलचा दिग्दर्शनाचा एमए, दोन्ही दोन वर्षांचे. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सला मिळते. म्हणजे हे कोर्स आपोआप बाहेर. आपल्या राज्याची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती क्यूएस या जगभरच्या विद्यापीठांच्या क्रमवारीवर चालते. लंडन फिल्म स्कूलसारखी फक्त सिनेमा शिकवणारी संस्था त्या विद्यापीठांच्या क्रमवारीत येतच नाही, मग ती कितीही नावाजलेली असो. नियम करताना कुणाच्या डोळ्यासमोर इंजिनिअर होता, कुणाच्या एमबीए. फिल्म करणारं पोर कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हतं.

राहिलं कर्ज. साडेसात लाखांपुढे बँका बहुतेकदा तारण मागतात. या मुलाचे वडील एसटीत कंडक्टर, घर आजोबांच्या नावावर. आम्ही कागदावर हिशोब मांडला. चाळीस लाख कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं म्हटलं तर महिन्याचा हप्ता त्रेपन्न हजारांच्या घरात जातो. परत येऊन असिस्टंट म्हणून त्याला सुरुवातीला त्याच्या निम्मेही मिळणार नाहीत, आणि तेही काम असेल त्या महिन्यात. मी त्याला स्पष्ट सांगितलं, या हप्त्यावर जाऊ नकोस.

म्हणून माझं मत असं झालंय की शाळेच्या नावाआधी पैसे कोण देतं ते बघावं. चित्रपटात असे कोर्स मोजके आहेत. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस या मास्टर्स योजनेतला डॉकनोमॅड्स डॉक्युमेंटरीसाठी, व्ह्यूफाइंडर सिनेमॅटोग्राफीसाठी, किनो आइज फिक्शनसाठी. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि दोन वर्षं महिन्याला १,४०० युरो. लेखनात अमेरिकेतल्या काही एमएफए, म्हणजे लेखनाच्या मास्टर्स कोर्सांचं असं आहे. ऑस्टिनच्या मिचनर सेंटरमध्ये निवड झालेल्या प्रत्येकाची तीन वर्षांची फी माफ होते, वर राहण्याखाण्याला पैसे मिळतात. पण वर्षाला घेतात साधारण डझनभर लोक, सगळ्या जगातून.

आणि या युरोपीय कोर्सांत प्रवेश आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडीचा मेल आला की गावात पेढे वाटले जातात, पण त्या मेलमध्ये शिष्यवृत्तीचं काय लिहिलंय ते आधी वाचावं. तिथे 'राखीव यादी' असा शब्द असू शकतो.

आमच्या मुलाच्या मेलमध्ये तोच होता. युरोपातल्या एका जॉइंट मास्टर्सला त्याची निवड झाली. मुलाखतीत त्याला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "ती बाई पुढे काय म्हणाली?" जागा मिळाली, शिष्यवृत्ती राखीव यादीत. वरचं कुणी गळलं तर. जूनपर्यंत कुणी गळलं नाही. त्याने स्वतःच नकार कळवला आणि मला फोन केला. रडला नाही, पण बराच वेळ काही बोललाही नाही.

या वर्षी तो पुन्हा अर्ज करतोय. जुनी फिल्म तशीच ठेवायची, असं आमचं ठरलंय. सोबत एक नवी द्यायचीय. परवा बार्शीहून फोन होता. मावशीने गिरणीला नवी मोटर बसवलीय, आवाज कमी झालाय आणि बाया आता गिरणी चालू असतानाही बोलतात. तो रेकॉर्डर घेऊन तिथेच बसलाय.