वरातीमागून सोन्याचं घोडं

शेअरच्या भावाच्या चार्टवर दोन रेघा काढून घ्या. एक गेल्या ५० दिवसांच्या बंद भावांची सरासरी, दुसरी २०० दिवसांची. छोटी रेघ मोठीला खालून वर छेदून गेली की तो गोल्डन क्रॉस, त्या दिवशी खरेदी. वरून खाली आली की डेथ क्रॉस, त्या दिवशी विकून मोकळं व्हायचं. डोकं कुठेच लावायचं नाही, हीच तर या पद्धतीची गोडी. ही नावं ज्याने ठेवली त्याला गणितापेक्षा नाटक जास्त कळत असावं. 'एक सरासरी दुसरीच्या खाली गेली' एवढंच कुणी सांगितलं असतं तर आपण कूस बदलून पुन्हा झोपलो असतो. 'मृत्यू' म्हटलं की माणूस ताडकन उठून बसतो आणि विकतो.

आता ही पद्धत नेमकी कधी वापरायची? बाजार कुठेच जात नसेल तेव्हा. चढत्या किंवा पडत्या बाजारात ती अधूनमधून पैसे मिळवून देते, म्हणजे तिची खरी चव कळत नाही. म्हणून असा शेअर निवडा, जो ९० ते ११० या पट्ट्यात येरझाऱ्या घालतोय. समजा, तो १०० दिवस रोज २० पैशांनी चढतो आणि पुढचे १०० दिवस तेवढाच उतरतो. दोनशे दिवसांत पूर्ण फेरी होत असल्याने २०० दिवसांच्या सरासरीत चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात, आणि ती रेघ १०० वर आडवी पडून राहते. हलते ती फक्त ५० दिवसांची. पण ५० दिवसांची सरासरी आजचा भाव सांगत नाही. ती त्या मुदतीच्या मधला, म्हणजे साधारण २५ दिवसांपूर्वीचा भाव सांगते. भाव १०० च्या वर जातो पन्नासाव्या दिवशी, आणि रेघेला ते कळतं पंचाहत्तराव्या दिवशी. तोवर भाव १०५ झालेला असतो. तुम्ही १०५ ला घ्या. मग भाव ११० पर्यंत जातो, तेव्हा घरच्यांना अवश्य दाखवा. विकू मात्र नका, सिग्नल आलेला नाही. तो येईल परतीच्या वाटेवर, १०० च्या खाली २५ दिवस घालवून झाल्यावर, ९५ ला. म्हणजे शेअर जिथून निघाला तिथेच परत आला, आणि तुम्ही प्रत्येक शेअरमागे १० रुपये देऊन मोकळे झालात. दलाली वेगळी.

एवढ्याने समाधान होत नसेल तर जरा चपळ शेअर शोधा. पट्टा तोच, ९० ते ११०, पण ५० दिवस चढ आणि ५० दिवस उतार, रोज ४० पैसे. दोनशे दिवसांत दोन पूर्ण फेऱ्या बसतात, त्यामुळे मोठी रेघ पुन्हा १०० वर आडवी. छोट्या रेघेचा २५ दिवसांचा उशीर मात्र तसाच, आणि मधल्या भावापासून शिखरापर्यंतचं अंतरही नेमकं २५ दिवसांचंच. म्हणून गोल्डन क्रॉस पडतो तो बरोबर शिखरावर. कागद घेऊन बेरीज करा, पटेल. पन्नासाव्या दिवशी भाव ११० असतो आणि पन्नास दिवसांची सरासरी त्याच दिवशी १०० ओलांडते. डेथ क्रॉस शंभराव्या दिवशी, ९० ला. शिखरावर घेऊन तळाला विकायचं, फेरीमागे २० रुपये. अख्ख्या पट्ट्याची रुंदी तुम्ही दान केलीत. नाणं उडवून खरेदी-विक्री करणाऱ्यालाही इतकी अचूक वेळ साधत नाही.

(एक सावधानतेची सूचना. हाच शेअर २०० दिवस चढून २०० दिवस उतरू लागला, तर मोठी रेघही त्याच्यामागे उशिरा का होईना डोलू लागते. क्रॉस मग ९८ च्या आसपास पडतो, विक्री १०२ ला होते आणि चक्क चार रुपये सुटतात. अशा संथ शेअरांपासून लांब राहा, नाहीतर पद्धतीवर उगाच विश्वास बसेल.)

काही शहाणे सांगतील, नुसत्या छेदावर जाऊ नका, दोन रेघांत ३ टक्के तरी अंतर पडू द्या. चपळ शेअरवर हे करून बघा. अंतर पडेपर्यंत भाव शिखरावरून उतरायलाही लागलेला असतो, आणि खरेदी होते साधारण १०६ ला. विक्री त्याच हिशेबाने ९४ ला. तोटा २० चा १२ वर आला! आणखी उशीर केल्याने उशिराचं नुकसान कमी झालं, यातली गंमत चाळणी विकणाऱ्यांच्या लक्षात आली आहे की नाही, माहीत नाही. अंतर ६ टक्क्यांचं ठेवलं तर छोटी रेघ ९५ ते १०५ च्या बाहेरच जात नसल्याने एकही सिग्नल येत नाही, आणि तोटा शून्य होतो. पण काहीच न करण्यासाठी चार्ट कशाला हवा?

आणखी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. ५० दिवसांची सरासरी आज किती हलेल हे ठरतं आजचा भाव वजा पन्नास दिवसांपूर्वीचा भाव, भागिले ५० यावरून. म्हणजे आज भाव जागचा हलला नाही, पण पन्नास दिवसांपूर्वीचा एखादा पडका भाव यादीतून गळाला, तरी रेघ वर उचलली जाते. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तेवढ्यानेही गोल्डन क्रॉस पडू शकतो. तुम्ही मात्र त्याला 'बाजाराने दिशा बदलली' असंच म्हणा. अडीच महिन्यांपूर्वीची एक वाईट दुपार आज हिशेबातून बाहेर पडली, असं सांगितलं तर खरेदीला जोर येत नाही.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर २०१५-१६ चा अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक घ्या. वर्षभर पट्ट्यात घुटमळणाऱ्या त्या निर्देशांकाने आठ महिन्यांत चार क्रॉस दिले. ऑगस्टअखेर डेथ क्रॉस, साधारण १९९० वर. महिन्यातली घसरण तोवर उरकली होती आणि १८६८ चा तळ मागे पडला होता, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. डिसेंबरात गोल्डन क्रॉस, २०२० च्या आसपास. जानेवारीत पुन्हा डेथ क्रॉस, १९२० च्या आसपास. एप्रिलअखेर पुन्हा गोल्डन, २०९० च्या जवळ. प्रत्येक इशारा इमानाने पाळणाऱ्याने एकदा तीस अंश वर परत घेतलं, मग शंभर अंश खाली विकलं आणि शेवटी १७० अंश वर पुन्हा घेतलं. सुरुवातीला त्याच्याकडे १०० युनिट असतील तर एप्रिलमध्ये हाती नव्वदच्या आसपास राहिले, निर्देशांक वर असतानाही. शेजारी चार्ट न बघता झोपून राहिला होता, त्याचे शंभरचे शंभर.

तेव्हा क्रॉस दिसला की आधी २०० दिवसांची रेघ चढतेय, उतरतेय की आडवी पडली आहे, हे चुकूनही पाहू नका. गेल्या सहा महिन्यांत भावाने तिला किती वेळा छेदलं, तेही मोजू नका. आणि तरी नजर गेलीच तर चार्टचा उभा अक्ष ८० ते १२० न ठेवता ९९ ते १०१ ठेवा. जवळपास आडवी रेघसुद्धा मग डोंगरासारखी दिसते.