"दोन्ही चालेल" असं लिहू नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. नोकरीचे अर्ज आधी माझ्याकडे येतात. एकाच वेळी दोन जागा निघाल्या की निम्म्या मेलमध्ये हेच वाक्य असतं: "दोन्हीपैकी कोणतंही काम चालेल." लिहिणाऱ्याला वाटतं, संधी दुप्पट झाली. प्रत्यक्षात मी तो मेल दोन्ही विभागप्रमुखांना पाठवते आणि दोघंही समजतात की दुसरा बोलावेल. चांगली मुलं अशी मधल्यामध्ये राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या भाचीचंच सांगते. तिला दुसऱ्या एका कारखान्यात दोन जागा दिसल्या: एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन आणि प्रॉडक्शन प्लॅनिंग. ती बी.कॉम. आहे, सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम केलेलं. प्लॅनिंग म्हणजे सूत कधी येणार, कोणत्या लूमवर काय चढणार, डाइंगचा लॉट कधी सुटणार, याची रोज मोट बांधायची. डॉक्युमेंटेशनमध्ये इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल यांतले नग, वजन, वर्णन एकमेकांशी जुळलं पाहिजे. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, माल असेल आणि कागदांत फरक निघाला तर बँक पैसे अडवू शकते. तिचा हात कागद जुळवण्यात बसलेला, म्हणून पसंती उघड होती.

तिने इंग्रजीत एकच मेल लिहिला. विषयाच्या ओळीतच पहिली पसंती डॉक्युमेंटेशन, दुसरी प्लॅनिंग. आतला मजकूर साधारण असा:

"दोन्ही जागांची माहिती वाचली. माझी पहिली पसंती एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला आहे. सध्या मी दरमहा खरेदीची नोंदवही जीएसटीआर-२बीशी ताडून पाहते आणि न जुळणारी बिलं शोधून पुरवठादारांकडून दुरुस्त करून घेते. शिपमेंटच्या कागदांतही हीच बारकाई लागते. ती जागा भरली असल्यास प्लॅनिंगसाठीही माझा विचार व्हावा. मला एक्सेल चांगलं येतं, मात्र लूम आणि डाइंगचं काम शिकावं लागेल."

मला यातलं शेवटचं वाक्य सर्वांत आवडलं. प्लॅनिंगच्या साहेबांनी वाचलं तरी त्यांना कमी लेखल्यासारखं वाटत नाही आणि काय शिकवावं लागेल तेही कळतं. पहिल्या मसुद्यात तिने "प्लॅनिंगमध्ये फार धावपळ असते" असं लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. मेल दोघांच्याही टेबलावर जाणार, हे धरूनच लिहायचं.

दुसरी जागा खरंच नको असेल, समजा संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणं जमणार नसेल, तर तिचा उल्लेखच करू नका. "तीही चालेल" म्हणून बोलावल्यावर नकार दिला की पुढच्या जागेच्या वेळी ते आमच्या लक्षात राहतं. आणि पगारावरून पसंती ठरली असेल तरी या मेलमध्ये पगार नको, तो मुलाखतीत विचारा. बायोडाटा मात्र एकच जोडा, पहिल्या पसंतीचा अनुभव वर घेऊन.