३० हर्ट्झची ती रेषा: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “‘सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीने सॅम्पलिंग केले की पुरे’, असे आपण ठामपणे लिहिले आहे. मला मोटरच्या कंपनांतील १०० हर्ट्झपर्यंतचाच भाग हवा होता. मी दुप्पट नव्हे, दहापट, म्हणजे सेकंदाला १००० नमुने घेतले आणि नंतर संगणकावर १०० हर्ट्झचा लो-पास फिल्टरही लावला. मोटर मिनिटाला १४५५ फेरे घेते आणि तिच्या शाफ्टवर ४० दातांचा गिअर आहे. तरीही स्पेक्ट्रममध्ये ३० हर्ट्झला ठळक रेषा दिसते, आणि त्या वेगाने यंत्रात काहीच फिरत नाही. हे प्रमेय कागदावरच खरे आहे.”

नमस्कार. आपण आकडे दिलेत म्हणून या रेषेचा माग काढता आला, त्याबद्दल आभार. आधी माझी चूक मान्य करतो. ‘सर्वोच्च वारंवारता’ हे शब्द मी मोघम सोडले. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात प्रमेय मांडले, तेव्हा त्यातली अट संपूर्ण संकेताला लागू होती: त्या संकेतात एका ठरावीक मर्यादेच्या वर काहीही असता कामा नये. आपल्याला कोणता भाग हवा आहे, याच्याशी त्या अटीचा संबंध नाही. सेन्सरच्या तारेतून प्रत्यक्ष काय येते, याच्याशी आहे. (आणि सॅम्पलिंग नेमके दुप्पट असूनही भागत नाही, दुपटीहून अधिक असावे लागते, नाहीतर एखाद्या साइन लहरीचे सगळे नमुने शून्यावरच पडू शकतात.) आपल्या बाबतीत ही अट मोडली गेली आहे, आणि ती मोडणारा गिअरच आहे.

मिनिटाला १४५५ फेरे म्हणजे सेकंदाला २४.२५ फेरे. प्रत्येक फेऱ्यात ४० दात समोरच्या गिअरच्या दातांत अडकतात, त्यामुळे सेकंदाला ९७० वेळा धक्का बसतो आणि ९७० हर्ट्झचे कंपन तयार होते. आता सेकंदाला १००० नमुने घेणारे यंत्र हे कंपन कसे पाहते, ते जवळून पाहू. एका नमुन्यापासून पुढच्या नमुन्यापर्यंत ही लहर ०.९७ आवर्तन पूर्ण करते, म्हणजे ३४९.२ अंश पुढे जाते. परंतु मधल्या काळात काय घडले याची नोंद नसल्यामुळे ३४९.२ अंश पुढे जाणे आणि १०.८ अंश मागे येणे यांत नमुन्यांना काहीच फरक कळत नाही. दर नमुन्याला १०.८ अंश म्हणजे १००० नमुन्यांत १०,८०० अंश, अर्थात पूर्ण ३० आवर्तने. आपली ३० हर्ट्झची रेषा ती हीच. सॅम्पलिंगच्या अपुऱ्या दरामुळे उच्च वारंवारतेने असे खालच्या वारंवारतेचे रूप घेणे, यालाच एलिआसिंग म्हणतात.

हे दोन संकेत ‘जवळपास सारखे’ दिसतात असे मी म्हणत नाही. त्यांचे नमुने तंतोतंत एकच असतात. खालच्या ओळी चालवून आपण खात्री करून घ्यावी:

```python
import numpy as np
n = np.arange(1000)
a = np.cos(2*np.pi*970*n/1000)
b = np.cos(2*np.pi*30*n/1000)
print(np.max(np.abs(a - b)))
```

जो फरक छापला जाईल तो केवळ संगणकाच्या राउंडिंगचा असेल. आपल्या लो-पास फिल्टरचा उपयोग का झाला नाही, याचे उत्तरही यातच आहे. तो फिल्टर नमुन्यांवर चालतो, आणि नमुन्यांमध्ये ९७० हर्ट्झ नावाचे काही उरलेलेच नाही. जे आहे ते ३० हर्ट्झ आहे, आणि १०० हर्ट्झचा फिल्टर ३० हर्ट्झला जाऊ देणारच. म्हणून फिल्टर सॅम्पलिंगच्या आधी, तारेवरच असावा लागतो, हा माझा आग्रह आहे.

माझ्या या निदानावर विसंबून राहू नये. ते दोन प्रकारे तपासता येते. पहिला प्रकार म्हणजे मोटरवरचा भार वाढवणे. फेरे १४५५ वरून १४४० वर आले, तर गिअरची वारंवारता ९६० हर्ट्झ होईल आणि आपली रेषा ३० वरून ४० हर्ट्झवर सरकेल. यंत्र मंदावत असताना रेषा वर चढत असेल, तर ती दुमडून आलेली आहे, याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. दुसऱ्या प्रकारात यंत्राला हात लावायचा नाही, फक्त सॅम्पलिंगचा दर १००० वरून १०१० करायचा. खरे ३० हर्ट्झचे कंपन जागचे हलणार नाही, कारण त्याला आपल्या दराशी देणेघेणे नाही. ९७० हर्ट्झचे मात्र १०१० वजा ९७०, म्हणजे ४० हर्ट्झवर दिसेल. रेषा उलट २० वर गेली, तर मूळ कंपन १०३० हर्ट्झचे असेल आणि माझा गिअरवरचा संशय चुकीचा ठरेल. ही चाचणी मी कोणत्याही अनोळखी रेषेवर आधी करतो.

आता उपाय. आपल्याला १०० हर्ट्झपर्यंतचाच भाग हवा असल्यामुळे सेकंदाला १००० नमुन्यांच्या दराने ९०० ते ११०० हर्ट्झचा पट्टा, आणि पुढे २०००, ३००० यांच्या आसपासचे तसेच पट्टे, आपल्या भागावर येऊन पडतात. ८.२ किलोओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र यांचा साधा आरसी फिल्टर सुमारे १९४ हर्ट्झपासून उतरू लागतो, पण ९७० हर्ट्झला तो जेमतेम पाचपट कमी करतो. गिअरचे कंपन जोरदार असेल, तर एवढ्याने भागणार नाही. अधिक तीव्र उताराचा फिल्टर बांधता येईल, परंतु मी तसे सुचवणार नाही. त्यापेक्षा दर १०,००० करावा. मग ९७० हर्ट्झ हे ९७० म्हणूनच नोंदले जाईल आणि आपला संगणकावरचा फिल्टर ते खरोखर काढून टाकेल. आपल्या भागावर दुमडून येण्याची भीती आता थेट ९९०० हर्ट्झपासून सुरू होते, आणि तिथे तोच आरसी फिल्टर सुमारे पन्नासपट घट देतो. १०० हर्ट्झला तो सुमारे ११ टक्के घट करतो. ती ठाऊक असल्यामुळे गणिताने भरून काढता येते. फाइल मोठी होते म्हणून नमुने कमी करायचे असतील, तर आधी संगणकावरचा फिल्टर लावावा आणि मगच दर दहावा नमुना ठेवावा. हा क्रम उलटा झाला, तर ९७० हर्ट्झ पुन्हा ३० वर येऊन बसेल.

आधी झालेल्या नोंदी मात्र कोणत्याही फिल्टरने दुरुस्त होणार नाहीत. गिअरचे कंपन आणि एखादे खरे ३० हर्ट्झचे कंपन त्यांत एकाच आकड्यात मिसळलेले आहे, आणि ती बेरीज सोडवायला लागणारी माहिती सॅम्पलिंगच्या क्षणीच गेली. तरीही त्या फेकून देऊ नयेत. वरच्या चाचण्यांनी ती रेषा गिअरचीच असल्याचे आणि तिथे खरे ३० हर्ट्झ नसल्याचे दिसले, तर जुन्या नोंदींतील तिची उंची ही ९७० हर्ट्झच्या कंपनाचीच उंची आहे. दुमडताना वारंवारता बदलते, उंची बदलत नाही. फक्त आपला सेन्सर ९७० हर्ट्झपर्यंत सारखाच प्रतिसाद देतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहून घ्यावे.