मार्चपर्यंत सलूनमध्ये

गेल्या मंगळवारी डोंबिवलीतल्या एका दिवाळी अंकाच्या कार्यालयातून मी बाहेर पडले ती अर्धा कप चहा, दोन मऊ पडलेली बिस्किटं आणि ‘कलाकारांना व्यासपीठ देणं हे आमचं व्रत आहे’ हे वाक्य पोटात घेऊन. व्रत त्यांचं, उपास माझा.

काम असं होतं : मुखपृष्ठ, आतल्या कथांसाठी आठ रेखाचित्रं, आणि ‘जमलंच तर’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला एक पोस्टर. मोबदला असा होता : श्रेयनामावलीत नाव, अंकाची एक प्रत (येऊन न्यायची) आणि एक्सपोजर. संपादक भला माणूस. पांढरा झब्बा, बोलणं इतकं मृदू की नकार द्यायला तोंड उघडलं तर आपणच उद्धट ठरू. त्यांच्यावर मला धड चिडताही आलं नाही. माझी खरी गाठ पडली ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या काकांशी.

हे काका अंकासाठी जाहिराती गोळा करतात. मांडीवर फुगलेली फाइल, खिशाला तीन पेनं. आमच्या बोलण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण संपादक ‘एक्सपोजर’ म्हणाले आणि काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“पोरी, तुला हिशेब कळला नाहीये. मी सांगतो. प्रती किती? दोन हजार. एक प्रत किती जण वाचतात?”

“किती?”

“कमीत कमी पाच. झाले दहा हजार. आता यात लायब्ररी धर. लायब्ररीत एकदा वर्गणी भरली की माणूस शिमग्यापर्यंत अंक बदलत बसतो. त्यात दवाखाने धर. आणि सलून तर तू धरलेलंच नाहीस!”

मी सलून धरलेलं नव्हतं हे खरं.

“सलूनमध्ये अंक मार्चपर्यंत पडून असतो. गिऱ्हाईक नंबर लागेपर्यंत काय करणार? मुखपृष्ठ बघणार. आत कोण वाचतंय? आतलं कोणी वाचत नाही.” इथे संपादक किंचित खोकले. “मुखपृष्ठ मात्र बघावंच लागतं. आणि दाताचा डॉक्टर! तिथे तर पेशंट घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस समोर असेल ते टक लावून बघतो. तुझं चित्र त्याच्या काळजावर कोरलं जाणार.”

“पण काका, दाढ दुखणारा माणूस मला काम कशाला देईल?”

“आज नाही देणार. दाढ बरी झाल्यावर देईल.”

एवढ्यात संपादकांच्या सूनबाईंनी एक व्हाउचर आणून काकांसमोर ठेवलं. फर्निचरवाल्याची पानभर जाहिरात काकांनी आणली होती. दर दहा हजार, काकांचं कमिशन पंधरा टक्के. अंगठा जिभेला लावत काकांनी पंधराशे मोजले, एक मळकी नोट बदलून मागितली, सही केली, आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, “तर काय सांगत होतो? कलेत पैशाकडे बघायचं नसतं.”

मी त्या मळक्या नोटेकडेच बघत होते.

वातावरण निवळावं म्हणून संपादक परंपरेकडे वळले. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाने ही ज्योत कशी जपली आहे, वगैरे. मग म्हणाले, “दीनानाथ दलालांचंच बघा ना. मुखपृष्ठांनीच त्यांना घराघरांत नेलं.” मी म्हटलं, “हो, आणि 1945 मध्ये त्यांनी स्वतःच ‘दीपावली’ काढला.” यावर कोणी काही बोललं नाही. काकांनी चष्मा खाली घेतला.

परतीच्या लोकलमध्ये राग यायला लागला. मला नेहमी उशिराच येतो, साधारण दोन स्टेशनं गेल्यावर. कागदवाला आपला कागद ‘व्यासपीठ’ म्हणून देत नाही. छापखाना प्लेटचे पैसे घेतो, बाइंडर घेतो, गठ्ठे पोहोचवणारा टेम्पोवाला तर डिझेलचे आगाऊ घेतो. ज्या मुखपृष्ठाच्या पाठीवरची जागा काका सगळ्यात महाग विकतात, त्याची पुढची बाजू तेवढी प्रेमापोटी हवी. यांचा अंक तोट्यात चालतो हे मला मान्य आहे. बरेचसे चालतात. पण तोटा वाटून घ्यायची वेळ आली की यादीत चित्रकार आणि कवी एवढेच कसे उरतात? (कवींचं मी बोलत नाही. ते स्वतःहून येतात.)

घरी येऊन नकाराचं पत्र लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात मी भरपूर कारणं दिली होती. हातात दुसरी कामं आहेत, मनगट दुखतंय, पावसाळ्यात स्कॅनर नीट चालत नाही. माझी बहीण एका कंपनीत अकाउंट्स बघते. तिने खर्डा वाचला आणि सगळी कारणं खोडली. “कारण दिलंस की समोरचा त्यावर उपाय सुचवतो. वेळ नाही म्हणालीस, तर म्हणेल सावकाश द्या. मनगट म्हणालीस, तर म्हणेल नुसत्या रेषा काढा.” हे तिला कसं ठाऊक, मी विचारलं नाही. ती रोज थकबाकीदारांशी बोलते.

मग तिने विचारलं, “त्यांच्याकडे खरंच किती असतील?” माझ्या दराने मुखपृष्ठाचे नऊ हजार, आणि आठशेला एक याप्रमाणे आठ रेखाचित्रांचे सहा हजार चारशे. एकूण पंधरा हजार चारशे. एवढे ते देणार नाहीत हे मलाही दिसत होतं. माझा हात लगेच नऊचे पाच करायला निघाला होता. बहिणीने तो अक्षरशः धरला. “दर पाडू नकोस. पाडलास की पुढच्या वर्षी तोच तुझा दर. काम कमी कर.”

काम कमी करायचं म्हणजे काय, तर कपाटातलं तयार चित्र द्यायचं. माझ्याकडे एक आहे : ओसरीवर आजी एका पोराला उटणं लावते आहे आणि पोराच्या चेहऱ्यावर वर्षभराचा अन्याय साठला आहे. उभं चित्र, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात नुसती भिंत. म्हणजे अंकाचं नाव तिथे आरामात बसतं, आजीच्या डोक्यावर अक्षरं येत नाहीत. असं चित्र एकदाच वापरायला द्यायचं तर नव्याने काढण्याचे कष्ट वाचतात आणि कमी पैसे घेऊनही दर पडत नाही. फक्त ते छपाईसाठी तयार करावं लागतं. पडद्यावर झगझगणारं राणी रंगाचं लुगडं चार शाईंच्या छपाईत मंद पडतं, ते आधीच सांभाळून घ्यायचं. आणि चारही बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं ठेवायचं. नाहीतर कटिंगची सुरी जरा सरकली की कडेला पांढरी रेघ उमटते आणि संपादकांचा फोन आपल्याला येतो, सुरीवाल्याला नाही.

शेवटी पत्र असं झालं :

‘सप्रेम नमस्कार.

मंगळवारी वेळ दिलात, आभार. अंकाचा विषय मला आवडला. मात्र मानधनाशिवाय हे काम मला स्वीकारता येणार नाही.

आपल्या अंदाजपत्रकाचा विचार करून एक पर्याय सुचवते. सोबत जोडलेलं माझं तयार चित्र मुखपृष्ठासाठी चार हजार रुपयांत देऊ शकते. त्यात छपाईयोग्य फाइल आणि अंकाचं नाव बसवताना लागणारी एक दुरुस्ती धरलेली आहे. आत रेखाचित्रं हवी असल्यास आठांऐवजी तीन मुख्य कथांसाठी तीन काढेन, त्यांचे दोन हजार चारशे वेगळे. पोस्टर यात नाही.

चित्र फक्त या वर्षीच्या छापील अंकाच्या मुखपृष्ठासाठी आणि त्याच मुखपृष्ठाच्या जाहिरातीसाठी वापरता येईल. दिनदर्शिका, पाकिटं, पुढचे अंक यांसाठी वेगळी परवानगी लागेल. चित्राचे हक्क माझ्याकडे राहतील.

अर्धी रक्कम होकारासोबत आणि उरलेली फाइल छापखान्यात जाण्यापूर्वी द्यावी. या महिनाअखेरपर्यंत कळवलंत तर चित्र आपल्यासाठी राखून ठेवते.

आपली नम्र.’

‘आपली नम्र’ हा बहिणीचा आग्रह. मी नम्र नव्हते.

हक्कांचं वाक्य वाचून ती म्हणाली, हे जरा जड होतंय. पण ते ठेवलंच, कारण कायदा इथे मोठा मिश्कील आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे फुकट राबले तर निदान चित्र माझं राहतं, आणि पैसे घेतले की तोंडातून अक्षर न काढता ते हातचं जाऊ शकतं! माझं चित्र तयार आहे, कोणाच्या सांगण्यावरून काढलेलं नाही, त्यामुळे मालक मीच. तरीही लिहिलेलं बरं. परवानगी लेखी असली आणि मुदत लिहायची राहिली तर 19व्या कलमाप्रमाणे ती पाच वर्षं धरतात. पाच वर्षं आमची आजी कुठल्या सहकारी पतपेढीच्या दिनदर्शिकेवर उटणं लावत बसेल, सांगता येत नाही.

पैशाच्या वेळेचं वाक्यही मुद्दाम घातलं. या धंद्यात ‘जाहिरातींचे पैसे आले की देतो’ असं एक गोड वचन असतं. जाहिरातदार अंक बघून पैसे देतो, म्हणजे दिवाळीनंतर. काही जण तिळगुळासोबत देतात, काही तिळगुळही देत नाहीत. त्या रांगेत आपण सगळ्यात शेवटी उभे. अंक एकदा छापून झाला की आपल्या हातात मागण्यासारखं काही उरत नाही. फाइल द्यायच्या आधी मात्र असतं.

पत्र पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं नाही. आला तो काकांचा फोन.

“पोरी, तुझं पत्र मला वाचायला दिलं त्यांनी. झकास लिहितेस. मी त्यांना तासभर समजावलं. म्हटलं, सलूनमध्ये मार्चपर्यंत पडायचं असेल तर चित्र बरं हवं. फर्निचरवाल्याला सांगून चार हजारांची सोय केली. त्याचं नाव मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घेऊ. मुखपृष्ठ पक्कं. रेखाचित्रं राहू दे, आतलं तसंही कोणी…”

“काका, खरंच आभार!”

“आभाराचं राहू दे गं. चार हजारांचे पंधरा टक्के सहाशे होतात.”

मी काही क्षण बोलूच शकले नाही. मग म्हटलं, “काका, तुम्हाला माझ्याकडून एक्सपोजर चालेल का? मी सगळीकडे तुमचं नाव सांगीन.”

“चेष्टा नको,” काका गंभीर झाले. “आणि सहाशे आगाऊ दे. दिवाळीनंतर वसुलीला मला फार पायपीट होते.”