मसुद्यावर अभिप्राय मिळू नये म्हणून काय करावे

समजा, तुमच्या संस्थेने दुष्काळी तालुक्यातल्या एका शाळेच्या छतावरचे पाणी साठवण्याचा प्रस्ताव केला आहे. कंपनीच्या सीएसआर निधीसाठी तो शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत पोर्टलवर चढवायचा आहे. मसुदा चौदा पानांचा. त्याआधी कुणाला तरी दाखवायला हवा असे साहेबांचे म्हणणे आहे, आणि तुम्हाला मात्र त्यात काहीही बदलायचे नाही. तर मग पुढे सांगतो तसे करा.

मेल गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता टाका. विषयाच्या जागी ‘प्रस्ताव’ एवढेच लिहा. आत ‘सोबत प्रस्ताव जोडला आहे. कृपया नजरेखालून घालून लवकरात लवकर अभिप्राय कळवावा.’ ‘लवकरात लवकर’ ही फार गुणी मुदत आहे. ती कधीच संपत नाही, त्यामुळे ती कुणी पाळतही नाही. मेल एकाच वेळी पाच जणांना पाठवा, म्हणजे उरलेले चौघे वाचतीलच याची प्रत्येकाला खात्री वाटते. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर दुधात साखर: समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अख्खा प्रस्ताव अगम्य चिन्हांचा होतो. लिंक पाठवणार असाल तर परवानगी फक्त बघण्याची ठेवा. टिप्पणी करायला गेलेल्या माणसाला आधी तुमच्याकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि तोवर तुम्ही घरी पोहोचलेले असता.

एवढे करूनही कुणी उत्तर दिलेच, तर ते निरुपद्रवी असेल. काय तपासायचे हे न सांगता चौदा पाने हाती दिली की माणूस सर्वात आधी दिसते ते तपासतो. ‘पाणीटंचाई’ची वेलांटी दुरुस्त होईल, ठळक अक्षरांवर मतप्रदर्शन होईल. पान 6 वरच्या तक्त्याला कुणी हात लावणार नाही.

तो तक्ता बघण्यासारखा आहे. पत्र्याचे छत 200 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर, वाया जाणारे पाणी वजा करून गुणांक 0.8. म्हणजे वर्षाला 80 घनमीटर, 80,000 लिटर. गणित बरोबर आहे. टाकी मात्र 10,000 लिटरची. दीडशे मुले, प्रत्येकी दिवसाला 2 लिटर, म्हणजे रोज 300 लिटर. पाऊस थांबला तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी ती शाळेचे तेहतीस दिवस पुरेल. परतीचा पाऊस ऑक्टोबरात संपतो. दिवाळीची सुट्टी धरली तरी डिसेंबरात टाकीचा तळ दिसेल. आणि पान 2 वर तुम्ही लिहिले आहे, ‘उन्हाळ्यातील पाणीटंचाई कायमची दूर होईल.’

हे उघडकीला येऊ नये असे वाटत असेल, तर पाण्याची कामे केलेल्या ताईंना चुकूनही असा मेल धाडू नका:

‘ताई, नमस्कार. छतावरच्या पाण्याच्या प्रस्तावात दोन गोष्टी तुम्हीच सांगू शकाल. 1) पान 6: टाकी 10,000 लिटरची धरली आहे. पान 2 वरचा उन्हाळ्याचा दावा त्यावर टिकतो का? नसेल तर टाकी वाढवू की दावा बदलू? 2) पान 8: पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर काढायची सोय अंदाजपत्रकात धरलेली नाही. ती लागेलच ना? बाकी पाने वाचायची गरज नाही, भाषा मी नंतर बघते. अर्ध्या तासाचे काम आहे. बुधवारी दुपारी 12 पर्यंत उत्तर हवे, कारण टाकी बदलली तर नवे कोटेशन आणि सचिवांची सही गुरुवारी घ्यावी लागेल. जमणार नसेल तर आजच सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारीन.’

किती धोकादायक मेल आहे बघा. सोमवारी सकाळी गेला तर ताई चहा पिता पिताच ‘दावा बदला, टाकी वाढवायला तेवढे पैसे नाहीत’ असे कळवून मोकळ्या होतील. पान नंबर दिलेला, त्यामुळे शोधाशोध नाही. दोन पर्याय समोर ठेवलेले, त्यामुळे ‘एकदा बोलू’ म्हणून टाळता येत नाही. आणि मुदतीमागचे कारण दिलेले, त्यामुळे बुधवार उलटला तर पुढे काय अडते तेही त्यांना ठाऊक. असाच खोडसाळपणा हिशोबनीसांशीही करता येतो: देखरेख करणाऱ्याचा पगार प्रशासकीय खर्चात टाकला आहे तो प्रकल्प खर्चात हवा का, एवढा एकच प्रश्न वेगळ्या मेलने विचारून. तोही टाळा.

तरीही ताईंनी आपणहून टाकीचा मुद्दा काढलाच, तर घाबरू नका. ‘सूचनेची नोंद घेतली’ असे कळवा आणि प्रस्ताव आहे तसा चढवा. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, हे त्यांना अजिबात सांगू नका. पुढच्या प्रस्तावाला त्यांचे उत्तर पाच मिनिटांत येईल: ‘छान झालाय, पाठवून द्या.’