ती 'वूऽऽ' नक्की कुणाची?

परवा भाचा आला होता. त्याला सध्या बीटल्स चढलेत. 'शी लव्हज यू' लावलं, त्यात डोकी हलवत मारलेली ती 'वूऽऽ' आली, तसा म्हणाला, "मामा, ही खास यांची." मी म्हटलं, अरे, ही रॉक अँड रोलवाल्या लिटल रिचर्डची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं स्वतः सांगितलंय की त्यानं ती तिकडून उचलली. "बरं, मग लिटल रिचर्डची," असं म्हणून त्याला विषय संपवायचा होता. मला नव्हता. कारण ती लिटल रिचर्डचीही नाही. ती एका चर्चमध्ये गाणाऱ्या बाईची आहे. तिचं नाव मॅरियन विल्यम्स.

ही पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मॅरियन विल्यम्स मायामीची. 1947 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या वॉर्ड सिंगर्स या गॉस्पेल, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या बायकांच्या गटात आली. भरदार छातीच्या आवाजात ओळ म्हणता म्हणता ती एकदम वर, पातळ आवाजात उडी मारायची आणि तिथून 'ऊऽऽ' सोडायची. ही नुसती किंकाळी नव्हे. किंकाळीत सूर सुटतो, हिचा सूर जागचा हलत नाही. छातीच्या आवाजातून फॉल्सेटोत, म्हणजे त्या वरच्या पातळ आवाजात जाताना गळ्यात जो खटका बसतो, तो बहुतेक गायक लपवतात. शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य गायनात तर तो लपवायलाच शिकवतात. मॅरियन तो खटका दाखवायची, किंबहुना त्याच्यावरच सगळा खेळ उभा करायची.

ही चर्चमध्येच का तयार झाली, याचा जरा विचार करा. दोनशे माणसं उभी आहेत, टाळ्या वाजवताहेत, पाय आपटताहेत, मधूनच कुणी ओरडून दाद देतंय. त्या गलक्यात शब्द हरवतात. उंच, गोल 'ऊ' मात्र वरून निघून जातो आणि शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळतं की आता गाणं वरच्या पायरीवर गेलं. ही खूण आहे. आपल्याकडे भजनात लय वाढवायच्या आधी बुवा ज्या नजरेनं पखवाजवाल्याकडे बघतात, तेच काम हा आवाज करतो.

लिटल रिचर्ड जॉर्जियातल्या मेकनचा. लहानपणी घरच्यांच्या गटातून चर्चमध्ये गायचा. इतका मोठ्यानं गायचा की लोकांनी त्याला 'वॉर हॉक' नाव ठेवलं होतं. 1947 मध्ये सिस्टर रोझेटा थार्प मेकनच्या सभागृहात गायला आली. इलेक्ट्रिक गिटार वाजवत देवाची गाणी म्हणणारी ही बाई. तिच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. या पोराचा आवाज तिच्या कानावर पडला आणि तिनं त्याला स्टेजवर गायला घेतलं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

आता सप्टेंबर 1955. जागा न्यू ऑर्लिन्स, कॉझिमो मॅटासाचा जे अँड एम स्टुडिओ. स्पेशल्टी रेकॉर्ड्स या कंपनीनं रिचर्डला बोलावलंय. या कंपनीचा मालक आर्ट रूप हा गॉस्पेलच्या तबकड्या विकणारा माणूस. सोल स्टिरर्ससारखे नावाजलेले गट त्याच्याकडे होते. म्हणजे चर्चचा आवाज कशाला म्हणतात आणि त्याला गिऱ्हाईक किती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल. पण रेकॉर्डिंग जमेना. रिचर्ड संथ ब्लूज गात होता, ठीकठाक गात होता, आणि 'ठीकठाक'साठी कुणी त्याला बोलावलं नव्हतं. मग जेवणाची सुट्टी झाली, मंडळी ड्यू ड्रॉप इनमध्ये गेली. तिथे पियानो दिसल्यावर हा बसला आणि क्लबात म्हणायचा ते एक चावट गाणं त्यानं ठोकून दिलं. ब्लॅकवेलनं कान टवकारले. डोरोथी लाबोस्ट्री या गीतकार बाईकडून घाईघाईत शब्द धुऊन घेतले आणि वेळ संपता संपता 'टुटी फ्रुटी' ध्वनिमुद्रित झालं.

ते गाणं अडीच मिनिटांचंही नाही. पुन्हा ऐका, पण या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करा. तसेही त्यात फार काही नाही. ध्रुवपदात 'टुटी फ्रुटी'च्या मागे 'वूऽऽ' येते, ती मॅरियनची. मग सॅक्सोफोन सुरू व्हायच्या अगदी आधी एक घसा फाडणारी आरोळी येते. ती वेगळी आहे. तिच्यात उडी नाही, खरखर आहे, आणि तिचं घराणंही वेगळं: पुरुषांच्या गॉस्पेल चौकड्यांचं. फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपीचा आर्ची ब्राउनली अशा आरोळ्या मारायचा. 1950 ची त्यांची 'अवर फादर' ऐका. परमेश्वराची प्रार्थना आहे, पण मधेच हा अंध माणूस असा ओरडतो की अंगावर काटा येतो, आणि ओरडून झाल्यावर पुन्हा बरोबर समेवर हजर.

या आरोळीचं काम काय? चर्चमध्ये ती येते तेव्हा शब्द अपुरे पडलेले असतात, आणि ते अपुरे पडलेत हे ऐकणाऱ्याला पटवायचं असतं. रिचर्डनं ती आरोळी तशीच ठेवली, पण तिच्यानंतर जिथे मंडळी उसळायची, तिथे ली ॲलनचा सॅक्सोफोन बसवला. स्टुडिओत मंडळी कुठून आणणार? माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या रॉक अँड रोलची निम्मी मांडणी याच अडचणीतून निघाली आहे: भाविक नाहीत, मग उत्तर कोण देणार?

यावर सगळ्यात सरळ उपाय रे चार्ल्स या पियानो वाजवत गाणाऱ्या गायकानं काढला. हा आधी नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राउन यांच्यासारखं गुळगुळीत, मखमली गायचा. त्याच्या 1949-50 च्या तबकड्या ऐकल्या तर हा तोच माणूस यावर विश्वास बसत नाही. मग 1954 मध्ये गाडीतल्या रेडिओवर सदर्न टोन्स या गटाचं 'इट मस्ट बी जीझस' लागलं. त्याचा ट्रम्पेटवाला रेनाल्ड रिचर्ड सोबत होता. दोघांनी तो साचा उचलला आणि येशूच्या जागी एक बाई आणून बसवली. झालं 'आय गॉट अ वुमन'. नोव्हेंबर 1954, अटलांटातल्या एका रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण. दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर गंमत वाटेल, थोडी चोरीसारखीही वाटेल. बिग बिल ब्रून्झी या बुजुर्ग ब्लूज गायकाला ते मुळीच आवडलं नव्हतं. ब्लूज आणि देवाची गाणी हा माणूस कालवतोय, याचा आवाज चर्चचा आहे, यानं तिथेच गावं, असं त्याचं म्हणणं. मला ब्रून्झीचा राग येत नाही. त्यानं दुखणं अचूक ओळखलं होतं, फक्त औषध चुकलं.

पण खरी कमाल चार वर्षांनी झाली. डिसेंबर 1958, पेनसिल्व्हेनियातला एक नाचाचा कार्यक्रम. ठरलेली गाणी संपली आणि तरी काही मिनिटं उरली. रे चार्ल्सनं वादकांना आणि रेलेट्स या साथीच्या मुलींना सांगितलं, मी जे करीन त्याच्या मागे या. इलेक्ट्रिक पियानोवर एक तुकडा धरला आणि फिरवत राहिला. तो 'अंऽ' म्हणतो, मुली 'अंऽ' म्हणतात. तो 'ओऽ' म्हणतो, मुली 'ओऽ'. शब्दही नाहीत. लोक वेडे झाले. फेब्रुवारी 1959 मध्ये ते 'व्हॉट्ड आय से' म्हणून ध्वनिमुद्रित झालं. सहा मिनिटांच्या वर गेलं म्हणून तबकडीच्या दोन बाजूंवर तोडून द्यावं लागलं. त्यातल्या हुंकारांचा अर्थ लोकांना बरोबर कळला, आणि काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला.

हा 'एक तुकडा धरून फिरवत राहणं' प्रकार शुद्ध चर्चचा आहे. गॉस्पेलमध्ये गाण्याची गोष्ट आधी सांगून होते, मग एका छोट्या ओळीवर मुक्काम पडतो. मागचे गाणारे तीच ओळ धरून ठेवतात, पुढचा मोकळा होतो. मेम्फिसचे पास्टर डब्ल्यू. हर्बर्ट ब्रूस्टर हे असली गाणी रचण्यात तरबेज. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनचं 1947 चं गाजलेलं 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' त्यांचं, आणि वॉर्ड सिंगर्सचं 'शुअरली गॉड इज एबल'ही त्यांचंच. दुसऱ्यात मॅरियन एक 'शुअरली' हा शब्द धरून बसते आणि तेवढ्यावर सगळं घर पेटवते. आता यातला योगायोग बघा. याच ब्रूस्टर यांच्या ईस्ट ट्रिग बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक गोरा पोरगा गाणं ऐकायला जायचा. गोरे-काळे वेगळे बसण्याच्या त्या काळात. नाव एल्विस प्रेस्ली. त्याचं स्वतःचं चर्चही पेंटेकोस्टल, अंगात वारं आल्यासारखं गाणारं, पण त्याची ऐकण्याची भूक तेवढ्यावर भागत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. सगळं चर्चमधून आलं असं म्हणणं चूक आहे. चक बेरी घ्या. त्याच्या गाण्यात घोळवणं नाही, आरोळी नाही, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. त्याला नॅट किंग कोलचे स्वच्छ उच्चार आवडायचे आणि ते ऐकू येतं. फॅट्स डॉमिनो तर मांडीवर नातू घेऊन बसल्यासारखा गातो. दोघंही अस्सल रॉक अँड रोल. रिचर्डचा ठेका, सॅक्सोफोन, पियानोवरचा बुगी हेही नाचघरातून आलं. चर्चनं दिली ती गाण्याची चढण: कुठे खाली राहायचं, कुठे घसा खरडायचा, कुठे शब्द टाकून द्यायचे.

म्हणूनच "हे लोक मनापासून गायचे हो" असं कुणी म्हणालं की मी वैतागतो. मनापासून तर मीही आंघोळीला गातो. ही माणसं दर रविवारी, वर्षानुवर्षं, समोरच्या मंडळींकडून लगेच पास-नापास ठरवून घेत तयार झाली होती. आरोळी अर्धा मात्रा लवकर आली तर चर्च थंड पडतं, आणि ते गायकाला तिथल्या तिथे कळतं.

रिचर्डला मात्र हे उसनं घेतलेलं कायम टोचत राहिलं. 1957 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर ऐन भरात असताना त्यानं रॉक अँड रोल सोडलं, अलाबामातल्या ओकवुड कॉलेजात बायबल शिकायला गेला, गॉस्पेलच्या तबकड्या काढल्या. पुढे परत आला, परत गेला, परत आला.

भाच्याला शेवटी 1993 चं सांगितलं. त्या वर्षी वॉशिंग्टनला केनेडी सेंटरचा सन्मान मॅरियन विल्यम्सला मिळाला. तिच्या गौरवासाठी अरीथा फ्रँकलिन आली होती, बिली प्रेस्टन आला होता, आणि लिटल रिचर्डसुद्धा. भाच्यानं फोन काढला, तिचं नाव शोधलं, एक गाणं लावलं. पहिली 'ऊऽऽ' आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, पुन्हा लावतो."