दौरा मंजूर करून घ्यायचाय? मग असा अर्ज करा

दौऱ्याचा अर्ज नेहमी गुरुवारी संध्याकाळी, साहेब बॅग आवरत असताना पाठवावा. निघायचं सोमवारी पहाटे. विषयात ‘अर्जंट’ लिहिलं की काम झालं.

उद्देश? ‘व्हेंडर व्हिजिट’. बास.

फायद्याच्या रकान्यात ‘संबंध दृढ होतील’ असं ठोकून द्या. ते मोजता येत नाही, त्यामुळे खोटंही ठरत नाही. नवीन मशीन रवाना होण्याआधी तिथेच चालवून बघायचं आहे, दोष निघाला तर त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच खर्चाने दुरुस्त होईल, असलं काही मात्र चुकूनही लिहू नका. साहेब लगेच सही करतील, मग तीन वेळा आठवण करण्यातली गंमत गेली.

कार्यक्रम असा: सोमवारी जाणे, बुधवारी येणे. विमान दुपारी दोनला उतरतं, कारखाना तिथून दोन तासांवर आणि चाचणी विभाग पाचला बंद होतो, ही बेरीज साहेबांनी करावी. पगार कशाचा घेतात?

खर्चाच्या अंदाजात फक्त विमानाचं भाडं लिहा. रात्री दोन आहेत, पण हॉटेल काय, असतंच. विमानतळ ते कारखाना टॅक्सी, मग हॉटेल ते कारखाना रोजची टॅक्सी, तीही तिथे दिवसभर थांबवून ठेवलेली, हा कसला खर्च? मोजमापाच्या उपकरणांची पेटी जादा सामानात जाते, हे विमानतळावर काट्यावर ठेवल्यावर कळेलच. तारीख पुढे गेली तर तिकीट बदलायचे पैसे कोण देणार, हा विचार तर अपशकुनी. आमच्याकडे गेल्याच महिन्यात असा अर्ज आला आणि मी मूर्खासारखी सही केली. बिल आलं ते अंदाजाच्या सव्वादोन पट. अकाउंट्सने जाब कोणाला विचारला? अर्जदाराला नाही. सही माझी होती ना! दोन दिवस एकेक पावती धरून मी खुलासे लिहीत बसलो, त्यातल्या टॅक्सीच्या तीन पावत्यांवर तर तारीखच नव्हती.

आणि एवढं करून चाचणी झाली का? नाही. मशीनच तयार नव्हतं! कंट्रोल पॅनलची वायरिंग अर्धवट. आमचे साहेबजादे दोन दिवस चहा पिऊन परत आले, आता पुन्हा जायचं म्हणतात.

अहो, निघण्याआधी एक फोन करता येत नव्हता? ‘मशीन तयार आहे, आमच्याकडची चाचणी अमुक तारखेला झाली, हे तिचे आकडे’ एवढा मेल व्हेंडरकडून मागवायला काय जड जातं? तो अर्जाला जोडा. कोणत्या दिवशी कोणती चाचणी घेणार ते लिहा. हॉटेल, टॅक्सी, सामान, तिकीटबदल यांच्या वेगवेगळ्या ओळी करा. पाऊण तासाचं काम आहे, आणि ते तुमचं आहे, माझं नाही. हे सगळं जोडलेलं नसेल तर माझ्या टेबलाकडे फिरकू नका, अर्जंट असो नाहीतर काहीही असो.